टाकी गार झाली की पीएच कुठे जातो

सकाळी ७.४५

नाशिकजवळच्या एका वायनरीत मी रसायनतज्ज्ञ आहे. मार्च संपत आला आहे, द्राक्षांची गडबड ओसरली आहे आणि आता टाक्या गार करायचे दिवस आहेत. दिवसाचं पहिलं काम म्हणजे पीएच मीटर लावणं. ४ आणि ७ ची तयार द्रावणं झाली की मी तिसरी बाटली काढते. तिच्या तळाशी पांढरा चुरा बसलेला असतो. हा पोटॅशियम बायटार्टरेट, म्हणजे केकवाल्यांचं क्रीम ऑफ टार्टर. पाण्यात जास्तीचा टाकून हलवायचा, न विरघळलेला गाळून टाकायचा. पंचवीस अंशांना या संपृक्त द्रावणाचा पीएच ३.५६ असतो. पाणी चार थेंब इकडेतिकडे झालं तरी तो जागचा हलत नाही, म्हणून यावर माझा भरवसा. चार दिवसांत बुरशी धरते एवढंच.

आज मीटरने ३.५६ दाखवले आणि उमेदवारीला आलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, मीटर बिघडलंय."

तिचा हिशोब असा होता. टार्टारिक आम्लाला सोडायला दोन प्रोटॉन आहेत. पहिल्याचा पीके ३.०४, दुसऱ्याचा ४.३७. बायटार्टरेट म्हणजे एक प्रोटॉन गेलेला, एक उरलेला. तो प्रोटॉन देऊही शकतो आणि घेऊही शकतो. अशा दोन्हीकडच्या मिठाचा पीएच म्हणजे दोन पीकेंची सरासरी, म्हणजे ३.७०. पुस्तकात तसंच आहे.

मीटर बरोबर होतं आणि तिचं सूत्रही बरोबर होतं. पण ते पीके अतिविरल द्रावणाचे आहेत. इथे लिटरमध्ये सहा ग्रॅमच्या वर मीठ विरघळलेलं आहे, आणि आयनांच्या गर्दीत प्रोटॉन सोडणं सोपं जातं. त्यातही दुसरा प्रोटॉन, कारण तो गेल्यावर मागे दुहेरी ऋणभार उरतो आणि भोवतालचे धन आयन त्याला जास्त सांभाळतात. या द्रावणात दुसरा पीके ४.१३ च्या आसपास येतो, पहिला २.९६ च्या. आता सरासरी काढ म्हटलं. ३.५५ आली. गप्प झाली.

९.१५

गेले तीन दिवस उणे चार अंशांवर दोन बाटल्या ठेवल्या होत्या. एक पांढऱ्या वाइनची, एक तांबडीची. बाटलीत बायटार्टरेटचे खडे पडले, म्हणजे ते ग्राहकाच्या पेल्यात पडणार नाहीत. एरवी लोक त्यांना काच समजतात.

इथे एकच पथ्य आहे, गाळायचं ते गार असतानाच. मागच्या वर्षी मी चहाला गेले, बाटली कट्ट्यावर राहिली, खडे पुन्हा विरघळले आणि गार करूनही काहीच बदललं नाही असा अहवाल माझ्या सहीने गेला.

पांढरीचा पीएच ३.४२ होता, तो ३.३५ झाला. तांबडीचा ३.८८ होता, तो ३.९२ झाला. मुलीने दोनदा वाचलं. दोन्हींतून पडलं तेच मीठ, मग एक खाली आणि एक वर कशी?

१०.३०

आधी एकूण आम्लता. दहा मिलि वाइन, ०.१ नॉर्मल सोडा, पीएच ८.२ येईपर्यंत. जेवढे मिलि लागतील त्याला ०.७५ ने गुणलं की टार्टारिकच्या हिशोबात लिटरला ग्रॅम मिळतात. पांढरीला आधी ९.२ मिलि लागले होते, म्हणजे ६.९ ग्रॅम. आता ८.५ लागले, म्हणजे सुमारे ६.४. तांबडीचीही तेवढीच उतरली. म्हणजे तांबडीत आम्लता कमी झाली आणि पीएच चढला, हे पटतं. पांढरीत आम्लता कमी झाली आणि पीएचही उतरला, हे गळी उतरत नाही.

मुलीचं पहिलंच वाचन १० च्या वर आलं होतं. गुलाबी रंग येत होता आणि विरत होता, तेव्हाच कळलं की वाइनमधला वायू काढलेला नाही. निर्वात पंपाखाली पाच मिनिटं ठेवली.

दुपारी १२

वहीत मांडून दाखवलं. पाण्यातले पीके धरले तर ३.४२ ला टार्टारिकच्या शंभर रेणूंतले साधारण ६५ बायटार्टरेट असतात, २७ अख्खं आम्ल आणि ७ दोन्ही प्रोटॉन गेलेले टार्टरेट. ३.८८ ला ६८ बायटार्टरेट, पण आम्ल फक्त १० आणि टार्टरेट २२. मधला गट सत्तरीच्या वर कधीच जात नाही, कारण दोन पीके फार जवळ आहेत. पहिलं विचरण संपण्याआधीच दुसरं सुरू होतं. मघाच्या टायट्रेशनमध्ये मधली उडी दिसली नाही ती त्यामुळेच.

आता खडा पडला, म्हणजे मधल्या गटातले रेणू निघून गेले. ती जागा दोन्ही बाजूंनी भरते. आम्ल एक प्रोटॉन सोडून मधे येतं, टार्टरेट एक प्रोटॉन घेऊन मधे येतं. ३.४२ ला देणारे जास्त, घेणारे कमी, म्हणून प्रोटॉन उरतात आणि पीएच उतरतो. ३.८८ ला घेणारे जास्त, म्हणून पीएच चढतो. जिथे दोघं सारखे, तिथे खडे कितीही पडोत, पीएच हलत नाही.

"म्हणजे सकाळचीच बाटली," ती म्हणाली. तेच. मीठ नुसत्या पाण्यात जिथे बसतं, साधारण त्याच पीएचवर हा बांध असतो. मीठ काढून घेतलं की वाइन त्या बांधापासून आणखी लांब सरकते. मद्यार्कामुळे वाइनमध्ये पीके थोडे वर जातात, म्हणून बांध ३.६५ च्या जवळ धरायचा. मॅलिक, लॅक्टिक ही आम्लंही असतात, ती फरक किती पडेल ते ठरवतात, दिशा नाही.

२.३०

डबा उरकला. आता तांबडीचं काय करायचं?

३.९२ वर गंधकाचं गणित परवडत नाही. सल्फर डायऑक्साइडही दोन प्रोटॉनचंच आम्ल, पण त्याचे पीके १.८ आणि ७, एकमेकांपासून लांब. वाइनमध्ये दुसऱ्याकडे बघायची गरज पडत नाही. जंतू मारतो तो मूळ रेणू, आणि ३.९२ ला तो मुक्त गंधकाच्या जेमतेम पाऊण टक्का असतो. मला तो लिटरला अर्धा मिलिग्रॅम हवा, म्हणजे ६५ मिलिग्रॅम मुक्त गंधक ठेवावा लागेल. नाकाला झोंबेल. पीएच ३.६ असेल तर ३१ पुरतात.

म्हणून आम्ल आधी, गारवा नंतर. शंभर मिलिच्या चार पेल्यांत लिटरला १, १.५, २ आणि २.५ ग्रॅम या मापाने टार्टारिक घातलं. शेवटच्या पेल्यात ३.५८ मिळाले. चव घेतली, आंबट लागते. पण बांधाच्या अलीकडे आल्यामुळे आता खडे पडतील तसा पीएच उतरेल, आणि त्याच खड्यांबरोबर आम्लताही निघून जाईल. एक ग्रॅम खडे पडले की ०.४ ग्रॅम आम्लता जाते. जीभ आज बोलते आहे तेवढं आंबट राहणार नाही.

५.००

टाकीवरच्या काकांना वजनं लिहून दिली. आम्ल, आणि त्यानंतर दर लिटरला चार ग्रॅम बारीक बायटार्टरेट बी म्हणून, म्हणजे खडे लवकर धरतील.

"मॅडम, काढायचं तेच वरून परत घालायचं?" काकांनी विचारलं. गार वाइन आधीच भरलेली असते, घातलेलं विरघळत नाही, त्याच्यावरच नवं चढतं, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पोतं तराजूवर ठेवलं.

मुलीने टाकीच्या पाटीवर खडूने ३.५८ लिहिलं आणि पुढे खाली जाणारा बाण काढला. आकडा किती, ते शुक्रवारी गाळल्यावर.