जे मेले, तेच हवे होते

जिवाणूत परकं जनुक घालायचा प्रयोग ज्यांनी केला आहे, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर उघडतानाची धाकधूक ठाऊक असते. पेट्री डिशवर पांढरट ठिपके दिसले की जीव भांड्यात पडतो. पण खरा घोळ तिथूनच सुरू होतो.

१९७७ साली सॅन फ्रान्सिस्कोत बोलिव्हार आणि रॉड्रिगेझ यांनी तयार केलेलं ‘पीबीआर ३२२’ हे प्लास्मिड घ्या. नावातले बी आणि आर त्यांचेच. प्लास्मिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राखेरीज त्याच्या पेशीत असणारं डीएनएचं छोटं कडं. हे साधारण ४३६१ अक्षरजोड्यांचं आहे. त्यावर दोन जनुकं आहेत. एकामुळे जिवाणू अँपिसिलिनला दाद देत नाही, दुसऱ्यामुळे टेट्रासायक्लिनला.

‘बॅम-एच-वन’ हा कापणारा एन्झाइम जी-जी-ए-टी-सी-सी ही अक्षरं शोधतो आणि पहिल्या जी-नंतर कापतो. दोन्ही धागे असे तिरपे कापले गेल्याने टोकाला चार अक्षरं मोकळी लोंबत राहतात. पीबीआर ३२२ वर ही जागा एकच आहे, आणि तीही टेट्रासायक्लिनच्या जनुकाच्या पोटात. त्याच एन्झाइमने कापलेलं परकं जनुक जवळ आलं की लोंबती टोकं एकमेकांना बिलगतात. ही पकड मात्र अगदी सैल असते. लायगेज हा दुसरा एन्झाइम तिथे पक्का टाका घालतो.

अडचण अशी की कड्याची स्वतःची दोन टोकंही एकमेकांना तितक्याच आनंदाने बिलगतात. मग लायगेज रिकामं कडंच शिवून टाकतो.

पुढे कॅल्शियम क्लोराइडमध्ये थंड ठेवलेल्या जिवाणूंना क्षणभर ४२ अंशांची ऊब दिली की काहींच्या आत प्लास्मिड शिरतं. बहुतेक कोरेच राहतात आणि अँपिसिलिनच्या डिशवर मरतात. जगलेल्यांत प्लास्मिड आहे एवढंच कळतं. त्यात आपलं जनुक आहे की नाही, हे नाही. (मोठ्या ठिपक्याभोवतीची बारीक पिलावळ तर सरळ सोडून द्यावी. शेजाऱ्याच्या एन्झाइमने आसपासचं अँपिसिलिन संपवलं, म्हणून ती फुकटात जगलेली असते.)

इथे टेट्रासायक्लिन कामाला येतं. डिशवर निर्जंतुक मखमल हलकेच दाबायची आणि तोच छाप टेट्रासायक्लिनच्या डिशवर उमटवायचा. रिकामं कडं असलेले इथेही वाढतात. ज्यांच्यात परकं जनुक मध्येच घुसून टेट्रासायक्लिनचं जनुक मोडलं, ते मरतात. दुसऱ्या डिशवर जिथे जागा मोकळी दिसेल, तिथला ठिपका पहिल्या डिशवरून उचलायचा.

तरी लगेच पेढे वाटू नयेत. भलताच तुकडा घुसला तरी टेट्रासायक्लिनचं जनुक मोडतंच. म्हणून त्या ठिपक्यातलं प्लास्मिड काढून पुन्हा बॅम-एच-वनने कापायचं आणि जेलवर धावू द्यायचं. एक पट्टा ४३६१ जोड्यांशी आणि दुसरा आपल्या जनुकाच्या लांबीशी जुळला, की मगच वहीत नोंद करावी.