जीएसटीच्या नोटिशीला उत्तर कसे द्यावे?

ASMT-10 ही नोटीस आली की आपले बरेच व्यापारी बंधू घाबरतात. वास्तविक ही मागणीची नोटीस नव्हे. विवरणपत्रांत आढळलेल्या तफावतीचा खुलासा अधिकारी त्यात मागतात. उत्तर ASMT-11 मध्ये, नोटिशीत दिलेल्या मुदतीत द्यावयाचे असते.

समजा, भिवंडीच्या एका कापड व्यापाऱ्याच्या ऑगस्ट २०२२ च्या GSTR-1 पेक्षा GSTR-3B मध्ये कर ७,२०० रुपयांनी कमी दिसतो. कारण साधे आहे. १,४४,००० रुपयांचे कापड परत आले, ऑगस्टमध्येच क्रेडिट नोट दिली आणि ५ टक्क्यांप्रमाणे तेवढा कर GSTR-3B मधून वजा झाला. GSTR-1 मध्ये मात्र ती नोट सप्टेंबरमध्ये दाखवली गेली.

"आमचा हिशेब चोख आहे, विनाकारण त्रास होतो" असे लिहून काहीच सिद्ध होत नाही. आम्ही असे सुचवू:

"महोदय, आपल्या नोटिशीतील मुद्दा क्र. १ बाबत सविनय खुलासा. ७,२०० रुपयांचा फरक सोबतच्या क्रेडिट नोटमुळे आहे. ही नोट सप्टेंबर २०२२ च्या GSTR-1 मध्ये नोंदविली असून, त्या महिन्याच्या GSTR-3B मध्ये ती पुन्हा वजा केलेली नाही. दोन्ही महिन्यांचा तक्ता जोडला आहे."

शेवटचे वाक्य लिहिण्यापूर्वी सप्टेंबरचे GSTR-3B जरूर तपासावे. नोट दोनदा वजा झाली असल्यास तेवढा कर व्याजासह भरून चलनाचा तपशील उत्तरात द्यावा. खुलासा मान्य झाल्यास ASMT-12 मिळते. ते जपून ठेवावे.