शेत सेंद्रिय कधी होतं?

तूर आणि हापूस असलेल्या एका शेतकऱ्याने जून २०२४ मध्ये प्रमाणन संस्थेकडे नोंदणी केली आणि युरिया, फवारणी बंद केली. त्याचा माल सेंद्रिय कधी म्हणायचा?

राष्ट्रीय सेंद्रिय मानकांनुसार हंगामी पिकासाठी पेरणीआधी किमान दोन वर्षं रूपांतर काळ लागतो. म्हणून जुलै २०२५ ची तूर सेंद्रिय नाही. जून २०२६ नंतर पेरलेली तूर सेंद्रिय. बहुवर्षीय झाडांना पहिल्या काढणीआधी तीन वर्षं लागतात. मे २०२७ चा आंबा महिन्याभराने हुकतो, थेट २०२८ चा चालतो. नियम कडक वाटेल, पण झाड जागेवरच असतं, त्यामुळे पेरणीची तारीख मोजायला मिळत नाही.

पारंपरिक पद्धतीत मालातला कीटकनाशकाचा अंश मर्यादेत असला की पुरतं. इथे प्रमाणपत्र पद्धतीला मिळतं. प्रयोगशाळेत अंश सापडला नाही, तरी युरिया टाकला नव्हता हे सिद्ध होत नाही. म्हणून निरीक्षक दरवर्षी बियाण्याच्या पावत्या, निविष्ठांची नोंदवही आणि विक्रीचं वजन ताडून पाहतो. एकरी उत्पादनापेक्षा जास्त माल विकलेला दिसला, की प्रश्न सुरू होतात. शेजाऱ्याची फवारणी वाऱ्याने येऊ नये म्हणून बांधालगत संरक्षक पट्टाही दाखवावा लागतो.