पिशवीची किंमत नको, रोजचा खर्च पाहा! कुत्र्या-मांजराचं खाद्य नेमकं कोणतं स्वस्त?

दहा किलोची एक पिशवी १,८०० रुपयांना, दुसरी २,००० रुपयांना. स्वस्त कोणती? उत्तर पिशवीवरच्या किमतीत नसून कुत्र्याच्या ताटात रोज किती ग्रॅम पडतं यात आहे. भोर-वेल्ह्यातल्या घरांसाठी हा हिशेब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर कसा करायचा, समजून घेऊ.

भोर आणि वेल्हे हा भाताचा पट्टा. वाड्या-वस्त्यांवर राखणीचं कुत्रं आणि धान्याच्या कणगीजवळ मांजर घरोघरी दिसतं. भाकरी, भात आणि उरलंसुरलं हे त्यांचं नेहमीचं जेवण. त्यात आता कोरड्या खाद्याची, म्हणजे दाण्यांची भर पडली आहे. ही पिशवी भोर, नसरापूर किंवा थेट पुण्यातून आणली जाते. खरेदी करताना बहुतेक जण मोठ्या अक्षरातली किंमत पाहतात. थोडे अधिक जागरूक ग्राहक किलोचा दर पाहतात. पाकिटावर तो ‘युनिट सेल प्राइस’ म्हणून छापलेला असतो. पण हा दरही पुरेसा नाही, कारण कुत्र्याचं पोट किलोवर भरत नाही, कॅलरीवर भरतं.

एक किलो खाद्य सारखं का नसतं?

कोरड्या खाद्यात प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, पिष्टमय पदार्थ, तंतू, राख (म्हणजे खनिजं) आणि थोडं पाणी असतं. स्निग्ध पदार्थांतून सर्वाधिक ऊर्जा मिळते. तंतू, राख आणि पाण्यातून जवळपास काहीच मिळत नाही. त्यामुळे एका खाद्याच्या किलोत साधारण ३,००० किलोकॅलरी असतात, तर दुसऱ्याच्या किलोत ३,५०० किंवा त्याहून जास्त. ज्यात ऊर्जा कमी, ते रोज जास्त घालावं लागतं आणि पिशवी लवकर संपते.

पायरी १ : कुत्र्याला रोज किती ऊर्जा लागते?

आधी वजन हवं. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहा, मग एकट्याचं वजन करा आणि वजा करा. उदाहरणासाठी नसबंदी झालेला, २० किलो वजनाचा प्रौढ गावठी कुत्रा घेऊ.

पशुवैद्यकशास्त्रातलं नेहमीचं सूत्र असं : वजनाला वजनाने दोनदा गुणा, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ दोनदा काढा आणि ७० ने गुणा.

```
२० × २० × २० = ८०००
√८००० = ८९.४
√८९.४ = ९.४६
९.४६ × ७० = ६६२
```

ही नुसत्या विश्रांतीची गरज झाली. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला १.६ ने गुणतात, म्हणजे रोज साधारण १,०६० किलोकॅलरी. नसबंदी झाली नसेल तर १.८ धरतात. रात्रभर शेतावर फिरणाऱ्या कुत्र्याला याहूनही जास्त लागतं आणि वाढत्या पिलांचा हिशेब वेगळा असतो. मात्र दोन पिशव्यांची तुलना करताना आकडा थोडा मागेपुढे झाला तरी निकाल बदलत नाही, कारण दोन्हीकडे तोच आकडा वापरायचा असतो.

पायरी २ : पिशवीत ऊर्जा किती?

काही पिशव्यांवर दर किलोमागे किंवा दर १०० ग्रॅममागे किती किलोकॅलरी, हे छापलेलं असतं. ते असेल तर सरळ घ्या. नसेल तर मागच्या बाजूच्या तक्त्यावरून अंदाज काढता येतो. १०० मधून प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, तंतू, ओलावा आणि राख यांचे टक्के वजा करा. उरले ते पिष्टमय पदार्थ. राख छापलेली नसेल तर कोरड्या खाद्यासाठी ८ टक्के धरा. मग प्रथिनं आणि पिष्टमय पदार्थांचे टक्के प्रत्येकी ३.५ ने, स्निग्ध पदार्थांचे ८.५ ने गुणा आणि बेरीज करा. ही झाली १०० ग्रॅममधली ऊर्जा.

आता सुरुवातीच्या दोन पिशव्या पाहू. किमती आणि टक्के हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या दुकानातले आकडे त्यांच्या जागी घाला.

पिशवी ‘अ’ : १० किलो, १,८०० रुपये. प्रथिनं २०, स्निग्ध ८, तंतू ५, ओलावा १०, राख ९ टक्के. उरले ४८ टक्के. ऊर्जा ७० + ६८ + १६८ = १०० ग्रॅममध्ये ३०६ किलोकॅलरी.

पिशवी ‘ब’ : १० किलो, २,००० रुपये. प्रथिनं २४, स्निग्ध १४, तंतू ३, ओलावा १०, राख ८ टक्के. उरले ४१ टक्के. ऊर्जा ८४ + ११९ + १४३.५ = साधारण ३४६ किलोकॅलरी.

पायरी ३ : रोजचा खर्च

आपल्या कुत्र्याला १,०६० किलोकॅलरी हव्यात. ‘अ’मधून त्यासाठी रोज ३४६ ग्रॅम घालावे लागतात, ‘ब’मधून ३०६ ग्रॅम. ‘अ’ची पिशवी २९ दिवसांत संपते, ‘ब’ची जवळपास ३३ दिवस पुरते. ‘अ’चा खर्च दिवसाला साधारण ६२ रुपये, ‘ब’चा ६१ रुपये. दुकानात दिसलेला २०० रुपयांचा फरक ताटात उरतच नाही.

इथे एक सावधगिरी हवी. तक्त्यातले प्रथिनांचे आणि स्निग्ध पदार्थांचे आकडे ‘किमान’ असतात, तंतूचे आणि ओलाव्याचे ‘कमाल’. म्हणून ही ऊर्जा अंदाजेच असते आणि रोजच्या एक-दोन रुपयांच्या फरकाला बरोबरीच समजावी. बरोबरी असेल तर प्रथिनं कोणात जास्त, हे पाहून ठरवता येतं.

पिशवीवर वजनानुसार ‘इतके ग्रॅम द्या’ असा तक्ताही असतो. घाईत तो वापरायला हरकत नाही. पण प्रत्येक कंपनी कुत्र्याची धावपळ वेगवेगळी गृहीत धरते. एकीचे ग्रॅम कमी दिसतात म्हणून तिचं खाद्य स्वस्त, असं ठरत नाही.

नुकसान कुठे होतं?

पैशांपेक्षा मोठं नुकसान कुत्र्याचं होतं. ‘ब’ची पिशवी ३३ दिवस पुरायची, मग ‘अ’ आणली तरी तीही तेवढीच पुरवायची, असं घरात सहज घडतं. कारण भांडं तेच आणि माप तेच. तसं झालं तर कुत्र्याला रोज ३०३ ग्रॅम, म्हणजे जेमतेम ९२७ किलोकॅलरी मिळतात. गरजेपेक्षा साधारण १२ टक्के कमी. ही तूट एका दिवसात दिसत नाही. काही आठवड्यांनी बरगड्या दिसू लागतात आणि ‘नवीन खाद्य मानवत नाही’ असा समज होतो.

त्यामुळे खाद्य बदललं की वाटीचं माप पुन्हा काट्यावर तोलून घ्या. हलक्या, फुगीर दाण्यांनी भरलेली वाटी आणि जड दाण्यांनी भरलेली वाटी यांचं वजन सारखं नसतं. खाद्य एकदम न बदलता साधारण आठवडाभरात जुन्यात नवं वाढवत न्या. पुढे दर पंधरा दिवसांनी हात फिरवून पाहा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, पण लांबून ठळक दिसता कामा नयेत. वरून पाहिल्यावर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे.

छोटं पाकीट, सुटं खाद्य आणि पावसाळा

‘ब’चं १.२ किलोचं पाकीट ३०० रुपयांना मिळालं, असं धरू. ते चार दिवसही पुरत नाही आणि रोजचा खर्च ७६ रुपयांवर जातो. महिन्याला साधारण ४५० रुपये जास्त. वेल्ह्याच्या आतल्या गावातून केवळ खाद्यासाठी फेरी मारली आणि पेट्रोलला १०० रुपये गेले, तर मोठ्या पिशवीवर त्याचा भार दिवसाला ३ रुपये पडतो, छोट्या पाकिटावर मात्र २५ रुपये. शक्यतो इतर कामाच्या फेरीतच पिशवी आणावी.

पण मोठी पिशवी नेहमीच फायद्याची नाही. इथला पावसाळा दमट असतो आणि उघडलेल्या खाद्यातलं तेल हवेने खवट होतं. उघडल्यापासून साधारण सहा आठवड्यांत संपेल एवढीच पिशवी घ्या. ती मूळ पिशवीतच तोंड गुंडाळून, झाकणाच्या डब्यात ठेवा. जुन्या तेलासारखा वास आला, दाणे मऊ पडले किंवा बुरशी दिसली तर ते टाकून द्या. सुटं विकलं जाणारं खाद्य किलोला स्वस्त वाटतं, पण त्यावर ना तक्ता असतो ना तारीख. त्यामुळे रोजचा खर्च काढताच येत नाही.

भात मिसळला तर?

खर्च निम्म्यावर आणण्यासाठी अर्धे दाणे आणि अर्धा भात, हा सर्रास उपाय. ४० रुपये किलोची तांदळाची कणी धरली तर निम्मी ऊर्जा सहा रुपयांत भागते आणि रोजचा खर्च ‘ब’सह ३७ रुपयांपर्यंत उतरतो. मात्र भातातून पोट भरतं, कॅल्शियम जवळपास मिळत नाही आणि प्रथिनंही थोडीच मिळतात. वरून घातलेलं खाणं एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपर्यंतच ठेवावं, असा पशुवैद्यकांचा सर्वसाधारण सल्ला असतो. या कुत्र्यासाठी ते दिवसाला सुमारे ३० ग्रॅम कोरडा तांदूळ शिजवून, एवढंच होतं. निम्मं जेवण घरचंच द्यायचं असेल तर त्यात काय घालावं, हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावं. कांदा-लसणाची आमटी मात्र देऊ नये.

मांजराचं काय?

सूत्र तेच, पण शेवटी १.२ ने गुणायचं. चार किलोच्या, नसबंदी झालेल्या मांजराला साधारण २४० किलोकॅलरी लागतात. किलोला ३,७०० किलोकॅलरी असलेलं खाद्य रोज ६५ ग्रॅम पुरतं. ते ३५० रुपये किलो असलं तरी दिवसाला २३ रुपयेच होतात. सात किलोची पिशवी मात्र तीन महिन्यांहून जास्त चालेल आणि खवट होईल. एका मांजराला दीड ते अडीच किलोचं पाकीट बरं.

ओल्या खाद्याच्या ८५ ग्रॅमच्या पाऊचमध्ये बहुतांश पाणीच असतं. केवळ त्यावर मांजर ठेवायचं तर दिवसाला तीन-चार पाऊच लागतात. पाऊचची किंमत त्या संख्येने गुणून मगच तुलना करा. आणि मांजराला कुत्र्याचं खाद्य स्वस्त पडतं म्हणून घालू नका. मांजराला टॉरिन हा घटक अन्नातूनच मिळावा लागतो. तो कमी पडला तर डोळे आणि हृदयावर परिणाम होतो.

दुकानात उभं राहून एवढंच करा

• रोजची गरज (किलोकॅलरी) ÷ १ किलो खाद्यातली ऊर्जा = रोजचे किलो.
• रोजचे किलो × किलोचा दर = रोजचा खर्च.
• पिशवीचं वजन ÷ रोजचे किलो = किती दिवस पुरेल. ४२ दिवसांपेक्षा जास्त येत असेल तर लहान पिशवी घ्या.
• सोबत मोफत पाकीट असेल तर त्याचं वजन मिळवून किलोचा दर काढा.
• ‘पूर्ण आहार’ आणि ‘पूरक आहार’ यांची एकमेकांशी तुलना करू नका.