सनस्क्रीनची ट्यूब किती दिवस पुरायला हवी?

‘माझी ट्यूब चार महिने पुरते,’ असं कुणी कौतुकाने सांगितलं की मला काळजी वाटते. सनस्क्रीन इतकं पुरत असेल तर ते कमी लागतंय, एवढाच त्याचा अर्थ. स्वस्त काय आणि महाग काय हे ठरवायला दुकानातली किंमत पुरेशी नसते. एका वेळी किती लावायचं, तेवढ्या मापाने बाटली किती वेळा पुरते आणि तोवर ती चांगली राहते का, हे तिन्ही पाहावं लागतं.

सनस्क्रीनपासून सुरुवात करू, कारण त्याचं माप ठरलेलं आहे. डब्यावरचा एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत काढतात तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरवर २ मिलिग्रॅम क्रीम लावलेलं असतं. चेहरा, कान आणि गळ्याचा पुढचा भाग मिळून साधारण ६०० चौरस सेंटिमीटर धरले, तर एका वेळेला सुमारे १.२ ग्रॅम लागतं. तर्जनी आणि मधल्या बोटावर बुडापासून टोकापर्यंत क्रीमची एकेक रेघ ओढायची, हे त्याचं हाताशी असलेलं माप. बहुतेक जण यापेक्षा बरंच कमी लावतात आणि मग एसपीएफ ५० च्या ट्यूबमधून ५० चं संरक्षण मिळत नाही.

समजा, ५० ग्रॅमची ट्यूब ४०० रुपयांना आहे आणि ८० ग्रॅमची ५२० रुपयांना. पहिलीत १ ग्रॅम ८ रुपयांना पडतो, दुसरीत साडेसहा रुपयांना. आता १.२ ने गुणा: एका वेळेचा खर्च पहिलीत ९ रुपये ६० पैसे, दुसरीत ७ रुपये ८० पैसे. पहिली ट्यूब सुमारे ४१ वेळा पुरते. सकाळी एकदा आणि दुपारी बाहेर पडताना पुन्हा लावलं, तर वीस दिवसांत संपली पाहिजे. तीच ट्यूब चार महिने चालली असेल, तर दिवसाला जेमतेम ०.४ ग्रॅम लागलं, म्हणजे एका वेळच्या मापाचा तिसरा हिस्सा. हा खर्च वाचलेला नाही. दिलेल्या पैशांचं काम झालेलं नाही.

आपल्या वापराचा अंदाज खरा आहे का, हे घरच्या घरी तपासता येतं. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा एका वेळचं १ ग्रॅम नीट दाखवणार नाही. म्हणून ट्यूब झाकणासकट आज तोला, आठवडाभर नेहमीसारखी वापरा, पुन्हा तोला आणि आलेल्या फरकाला जितक्या वेळा लावलं त्या संख्येने भागा. ट्यूबचं तोंड अरुंद असेल तर दोन बोटांच्या रेघाही बारीक येतात, तेही यात उघडं पडतं.

सीरमचं गणित मात्र वेगळ्याच ठिकाणी अडतं. व्हिटॅमिन सी सीरमची ३० मिलीची बाटली ६०० रुपयांना आणि १५ मिलीची ३६० रुपयांना आहे असं धरा. मिलीमागे मोठी स्वस्त: २० रुपये, छोटी २४. एका मिलीत साधारण वीस थेंब येतात. चार थेंब म्हणजे ०.२ मिली. या हिशेबाने मोठी दीडशे वेळा पुरेल आणि एका वेळेचे ४ रुपये पडतील. पण पाण्यात विरघळवलेलं अॅस्कॉर्बिक अॅसिड हवा आणि उजेड लागला की बिघडत जातं. रंग पिवळ्यावरून तपकिरीकडे वळला की ते टाकायची वेळ झाली. बाटली उघडल्यावर ते तीन महिनेच चांगलं राहिलं, तर रोज एकदा लावून ९० वेळाच वापरता येतं. १२ मिली, म्हणजे २४० रुपयांचं सीरम, वाया जातं आणि एका वेळेचे ६ रुपये ६७ पैसे होतात. छोटी बाटली ७५ दिवसांत संपते, तिचे ४ रुपये ८० पैसेच पडतात. घरात दोघं वापरणारे असतील, तर मोठीही ७५ दिवसांत संपते आणि तीच किफायतशीर ठरते. म्हणून उघडल्याची तारीख मार्करने बाटलीवर लिहावी. वेष्टनावर उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात ‘6M’ किंवा ‘12M’ असेल, तर उघडल्यापासून तितके महिने ती वस्तू वापरायची असते.

मॉइश्चरायझरला असं ठरलेलं माप नाही. मुंबईच्या दमट हवेत थोडं पुरतं, विदर्भातल्या कोरड्या थंडीत दुप्पट लागू शकतं. तिथे वजनकाट्यावर निघालेला स्वतःचा आकडाच खरा.

सनस्क्रीनचा पूर्ण मापाचा खर्च परवडत नसेल, तर माप कमी करू नका, लावायची जागा कमी करा. दुचाकीवरून जाताना स्कार्फ आणि लांब बाह्या आपल्याकडे अनेक जणी वापरतातच. जाड विणीच्या कापडाने झाकलेल्या भागाला क्रीम लागत नाही. उघड्या राहिलेल्या कपाळाला, डोळ्यांभोवती आणि हातांना मात्र ते पूर्ण मापाने लावा.