प्रिंटरला घरचं वायफाय दिसत नाही तेव्हा

नवा राउटर बसला, फोन आणि लॅपटॉप झटक्यात जोडले गेले. पण कालपर्यंत चालणारा प्रिंटर मात्र जोडला जाईना. अशा वेळी बहुतेक जण पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून पाहतात. त्याआधी प्रिंटरच्या पडद्यावरची वायफाय नेटवर्कची यादी नीट पाहावी. शेजाऱ्यांची नावं त्यात आहेत आणि आपलंच नाव नाही, असं असेल तर दोष पासवर्डचा नाही. नाव दिसून जोडणी नाकारली जाते, तेव्हा पासवर्डचा संशय घ्यावा.

नाव न दिसण्याचं एक नेहमीचं कारण राउटरच्या पट्ट्यात असतं. घरगुती वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालतं. ५ चा पट्टा वेगवान, पण भिंतींपुढे लवकर क्षीण होणारा, २.४ चा संथ, पण लांब पोचणारा. कागद छापायला फार वेग लागत नाही, म्हणून स्वस्त प्रिंटरांत अनेकदा फक्त २.४ ची रेडिओ चिप असते. राउटरवर २.४ बंद असेल, तर त्याचा संदेश या चिपला ऐकूच येत नाही. प्रिंटर रीसेट केला किंवा त्याचं सॉफ्टवेअर बदललं, तरी नसलेला रेडिओ त्यात येणार नाही.

खात्री करणं सोपं आहे. फोनचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर चालू करा. प्रिंटरच्या यादीत तो दिसला, तर प्रिंटर ठणठणीत आहे.

मग उपाय राउटरवर करायचा. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 असतो, राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवरही सापडतो. वायरलेसच्या सेटिंगमध्ये २.४ चा पट्टा सुरू करा आणि त्याला ओळखू येईल असं वेगळं नाव द्या. सुरक्षेसाठी WPA2 निवडा, कारण फक्त WPA3 ठेवलं तर जुने प्रिंटर जोडले जात नाहीत. चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी ठेवा. १२ आणि १३ ही चॅनेल काही प्रिंटरांना दिसत नाहीत. आता प्रिंटरवर नव्याने शोध घेऊन ते नाव निवडा.

यासाठी फोन-लॅपटॉपचा वेग कमी करावा लागत नाही. ते ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला, तरी राउटर दोघांना एकाच जाळ्यात ठेवतो आणि छपाईचा आदेश पोचवतो. मात्र प्रिंटर पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर जोडू नका. तिथल्या उपकरणांना घरातल्या इतर उपकरणांपासून सहसा वेगळं ठेवलेलं असतं.

राउटरमध्ये २.४ सुरूच करता येत नसेल, तर प्रिंटरला केबलची जागा आहे का ते पाहा. लॅन केबलने तो थेट राउटरला जोडता येतो, नाहीतर यूएसबीने एका संगणकाला. केबलने काम होत असताना नवा प्रिंटर घेण्याची गरज नाही.