अप्सरेचा निळा उजेड

तुर्भ्याच्या आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, ठाण्याच्या खाडीच्या काठी, ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. ही तरणतलाव पद्धतीची भट्टी होती. खोल हौदातल्या शुद्ध पाण्यात इंधनाचा गाभा बुडवलेला असतो. तेच पाणी गाभ्याला थंड ठेवतं आणि वर उभ्या असलेल्या माणसांना किरणोत्सर्गापासून वाचवतं. ते पारदर्शक असल्यामुळे चालत्या भट्टीचा गाभा वरून सरळ डोळ्यांनी दिसतो, आणि त्याच्याभोवती दाट निळा उजेड पसरलेला असतो. त्या उजेडावरूनच नेहरूंनी भट्टीला ‘अप्सरा’ हे नाव दिलं, असं सांगतात. मला ते नाव फार आवडतं. तरी त्या उजेडाचं खरं कारण नावापेक्षाही सुंदर आहे.

हे पाणी तापून उजळलेलं नसतं. न्यूट्रॉनही हा प्रकाश देत नाहीत, कारण त्यांच्यावर विद्युतभार नसतो. प्रकाश येतो तो इलेक्ट्रॉनांमुळे. युरेनियमचा अणू फुटला की त्याचे तुकडे अस्थिर असतात, त्यांतून इलेक्ट्रॉन आणि गॅमा किरण बाहेर पडतात. यांतले पुष्कळसे इलेक्ट्रॉन इंधनावरच्या धातूच्या आवरणातच अडकतात. गॅमा किरण मात्र आवरण भेदून पाण्यात शिरतात आणि पाण्याच्या रेणूंतल्या इलेक्ट्रॉनांना जोराचा धक्का देऊन पळायला लावतात. हौदातला बराचसा उजेड अशा धक्का बसलेल्या इलेक्ट्रॉनांचा असतो.

पण नुसतं पळून भागत नाही. निर्वात पोकळीत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो, आणि तो कोणालाच ओलांडता येत नाही. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३ आहे, म्हणून पाण्यात प्रकाश सेकंदाला साधारण सव्वादोन लाख किलोमीटरच जातो. हा मंदावलेला प्रकाश इलेक्ट्रॉनाला मागे टाकता येतो. त्यासाठी इलेक्ट्रॉनाची गतिज ऊर्जा किमान ०.२६ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागते. प्रोटॉन जवळजवळ दोन हजार पट जड, त्याला याच वेगासाठी सुमारे ४८० लागतात. भट्टीत एवढ्या ऊर्जेचे प्रोटॉन नसतात, त्यामुळे हे काम हलक्या इलेक्ट्रॉनाकडेच येतं.

उंबरठा ओलांडल्यावर काय होतं? जाता जाता इलेक्ट्रॉन आजूबाजूच्या रेणूंमधले विद्युतभार किंचित हलवतो. तो पुढे गेला की ते पूर्ववत होतात आणि होताना एक बारीक लहर सोडतात. वेग कमी असेल तर या लहरी एकमेकींना मारून टाकतात. वेग जास्त असला की खाडीत लाटांपेक्षा जोरात जाणाऱ्या होडीमागे पाण्याची तिरकी धार उमटते, तशा त्या एका शंकूवर जुळतात आणि प्रकाश बनतात. पाण्यात या प्रकाशाचा इलेक्ट्रॉनाच्या दिशेशी कोन जास्तीत जास्त ४१ अंश होतो.

१ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक इलेक्ट्रॉन घेऊ. चार-एक मिलिमीटर जाईपर्यंत त्याचा दम संपतो, आणि शेवटच्या टप्प्यात तो उंबरठ्याखाली येऊन विझतो. तेवढ्या वाटेत त्याच्याकडून डोळ्याला दिसणारे फोटॉन निघतात ते काही डझन. त्याच्या ऊर्जेतला दहा हजारांतला एखादा भाग. बाकीची सगळी पाण्याला ऊब देण्यात जाते. हौद उजळतो तो इलेक्ट्रॉनांच्या अफाट संख्येमुळे.

आणि निळाच का? सोडियमच्या दिव्यासारखे ठरावीक रंग इथे नसतात. सगळे रंग सलग असतात, पण समान प्रमाणात नाही. तरंगलांबीच्या सारख्याच पट्ट्यात मोजले, तर फोटॉनांची संख्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे ७०० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा ४०० नॅनोमीटरचे जांभळे-निळे फोटॉन तिप्पट. त्याहून जास्त प्रकाश अतिनील भागात असतो, तो डोळ्याला दिसत नाही. आकाश निळं दिसतं ते हवेने प्रकाश विखुरल्यामुळे, हे कारण त्याहून वेगळं.

हे ओळखायला वेळ लागला. १९३४ साली रशियातले पावेल चेरेन्कॉव्ह आपले गुरू सर्गेई वाविलॉव्ह यांच्याकडे रेडियमच्या गॅमा किरणांनी द्रवांत उमटणारी चमक अभ्यासत होते. डोळे सरावण्यासाठी ते आधी तासभर काळोखात बसत. त्यांना वाटलं होतं की ही द्रवात विरघळलेल्या क्षारांची नेहमीची चमक असेल. पण शुद्ध द्रवातही चमक होती, आणि नेहमीची चमक मारून टाकणारे पदार्थ मिसळूनही ती कमी होईना. १९३७मध्ये तॅम आणि फ्रँक या रशियातल्याच भौतिकशास्त्रज्ञांनी तिचं गणित मांडलं. १९५८चं नोबेल या तिघांना मिळालं.

भट्टी बंद केली तरी उजेड लगेच जात नाही, कारण तुकड्यांचं विघटन चालूच राहतं. वापरलेल्या इंधनाच्या हौदात तो वर्षानुवर्षं मंद होत टिकतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक अतिनील प्रकाश टिपणारं यंत्र घेऊन वरून बघतात, की इंधनसळयांच्या जुड्या जागेवर आहेत का आणि त्या खरंच वापरलेल्या इंधनाच्या आहेत का. खूप वर्षं निवलेली किंवा कमी जळलेली जुडी जवळजवळ दिसेनाशी होते. शिवाय शेजारच्या जुडीचे गॅमा किरण पोकळ, नकली जुडीभोवतीच्या पाण्यातही चमक आणतात. म्हणून चमक आहे एवढ्यावर निरीक्षक समाधान मानत नाही. खऱ्या जुडीच्या सळयांमधल्या पाण्यातून उजेड सरळ वर येतो, त्यामुळे निरीक्षक यंत्र अगदी बरोबर डोक्यावर आणून त्या जागी प्रकाशाचा आकार कसा दिसतो ते तपासतो.